गाळ, काळ, टाळ

२८ नोव्हेंबर, गुरुवार

महात्मा फुले पुण्यतिथी. सभागृहात कार्यक्रम. पाहुणे चांगले बोलले असावेत. ‘असावेत’, कारण मी शेवटच्या रांगेमागे उभा होतो. आवाज भरपूर, शब्द एक नाही. मधे दोनदा माईकने शिट्टी मारली. शिपाई मामांनी आवाज वाढवला. मग पुढच्यांनी कान झाकले आणि मागच्यांना होते तेवढेही कळेना.

सुटल्यावर नववीतली एक मुलगी आली. तिला अहवाल लिहायचा होता. “सर, पाहुणे काय म्हणाले?”

म्हटले, पुढे बसलेल्यांना विचार.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

प्राचार्या मॅडमनी बोलावले. गॅदरिंग जानेवारीअखेर. “साऊंड सिस्टीमची लेखी मागणी द्या, यादीसकट. संस्थेकडे बजेट मागते.” विज्ञान शिकवतो म्हणून शाळेतली वायर माझी, पंखा माझा, आता भोंगाही माझा.

३० नोव्हेंबर, शनिवार

शाळा सुटल्यावर बारामती. दुकानदाराने चहा पाजला आणि यादीही त्यानेच लिहून दिली. पंधरा इंची दोन टॉप, अठरा इंची दोन बेस, दोन हजार वॅटचा ॲम्प्लिफायर, सोळा चॅनेलचा मिक्सर, चार कॉर्डलेस. ३ लाख ४० हजार.

“सर, गावाला ऐकू जाईल.”

परतताना एसटीत विचार. गावाला ऐकू जायला नको आहे. शेवटच्या रांगेला जायला हवे आहे.

२ डिसेंबर, सोमवार

तरीही तीच यादी जोडून अर्ज दिला.

३ डिसेंबर, मंगळवार

अर्ज परत. समासात लाल शाईने: ‘सध्या आवाज कमी पडतो का? इतके कशासाठी? कारण लिहा.’

दिवसभर राग. संध्याकाळी राग ओसरला. आवाज कमी पडत नाही, हे खरेच आहे.

४ डिसेंबर, बुधवार

कारखान्याचा सीझन जोरात. इंदापूर रस्त्याने उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर, वर गाणी. आज घराच्या गच्चीवर उभा राहून ऐकले. ट्रॅक्टर पार वळणापलीकडे, तरी गाण्याचा शब्द न् शब्द कळत होता. तो छोटा स्पीकर आणि ती धूळ.

मोकळ्या रानात आवाज जातो तो जातो. परत येत नाही. आमच्या सभागृहात तो जायचे नावच घेत नाही.

५ डिसेंबर, गुरुवार

यादी केली, पण सामानाची नाही. शब्दांची. गाळ, काळ, टाळ, जाळ, माळ, बाळ, साळ. पाट, पाठ, पाच, पाप. वीस शब्द. फरक फक्त एका व्यंजनाचा.

नुसता शब्द म्हणायचा नाही. “आता लिहा, गाळ” असे म्हणायचे. मागच्या शब्दाची शेपूट पुढच्या शब्दावर पडते की नाही, ते त्याशिवाय कळणार नाही.

हिने विचारले, वीस शब्द पाठ कशाला करताय? म्हटले, शाळेचे काम. म्हणाली, टीव्ही बारीक करा.

७ डिसेंबर, शनिवार

चाचणी. नववीची साठ मुले, वीस पुढे, वीस मधे, वीस मागे. मराठीच्या बाईंनी व्यासपीठावरून यादी वाचली, नेहमीच्या माईकवर. मीही मागे बसून लिहिली.

वीसपैकी सरासरी: पुढे १८, मधे १२, मागे ९.

मग शब्दांचा क्रम बदलला, आवाज दोन घरे वाढवला. मागे ८.

वह्या घरी आणल्या. चुका बघत बसलो. ‘गाळ’चे कोणी ‘काळ’ केले, कोणी ‘टाळ’. ‘पाठ’चे बहुतेकांनी ‘पाट’ केले. पण ‘गाळ’चे ‘गोळ’ एकानेही केलेले नाही. स्वर साठही मुलांना बरोबर ऐकू आले. बुडाली ती व्यंजने.

म्हणजे ‘आता लिहा’मधला आ, आ, इ, आ भिंतीभिंतीतून घुमत राहतो, आणि ‘ग’ तर मोठा नसतोच, क्षणभराचा असतो. तो त्या घुमण्याखाली जातो. आवाज वाढवला की ‘ग’ वाढतो, घुमणेही तेवढेच वाढते. हिशेब जागच्या जागी.

दोन हजार वॅटने हेच झाले असते. जास्त पैशांत.

माझे ६ आले. मुलांचे ९.

८ डिसेंबर, रविवार

मुलांपेक्षा तीन कमी का, याचा विचार करायचा नाही असे ठरवले.

९ डिसेंबर, सोमवार

सुट्टीनंतर रिकामे सभागृह. मामा, मी आणि फुगे. व्यासपीठावर फुगा फोडायचा, मागे फोनवर रेकॉर्ड करायचे, मग आलेखात शेपूट मोजायची.

पूर्ण विरेपर्यंत मोजता येत नाही. बाहेर ट्रॅक्टर, कारखान्याची घरघर. शेपटीचे टोक त्यातच मिसळते. म्हणून सुरुवातीची २० डेसिबलची उतरण मोजली आणि तिप्पट केली. पाच फुगे. उतरण दीड सेकंद. तिप्पट, साडेचार.

साडेचार सेकंद! तेवढ्यात माणूस पंधरा-वीस अक्षरे बोलतो. सगळी एकावर एक. भाषणाला सेकंदाच्या आसपास हवे.

मामा म्हणाले, “सर, वाढदिवस कुणाचा?”

१० डिसेंबर, मंगळवार

टेप लावली. लांबी २४ मीटर, रुंदी १२, उंची ६. घनफळ १७२८ घनमीटर. खाली शहाबादी, बाजूंना गिलावा, वर पत्रा. मऊ म्हणून एकही वस्तू नाही.

कपाटातले जुने पुस्तक काढले. वॉलेस सबीन, हार्वर्ड, १८९५. नव्या फॉग संग्रहालयाच्या व्याख्यानगृहात बोललेले कळत नव्हते, एक शब्द साडेपाच सेकंद रेंगाळायचा. तरुण प्राध्यापकाला सांगितले, काहीतरी करा. त्याने जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या आणल्या. मध्यरात्रीनंतर, रस्ता शांत झाल्यावर, एकेक वाढवत मोजत गेला. पहाटेच्या आत गाद्या परत. त्यातून सूत्र निघाले:

घुमण्याचा काळ = ०.१६१ × घनफळ ÷ शोषण

शोषण त्याने पुढे उघड्या खिडकीत मोजले. खिडकीतून बाहेर पडलेला आवाज परत येत नाही, म्हणून ती पूर्ण शोषक. आमच्या सभागृहाचा आतला सगळा पृष्ठभाग १००८ चौरस मीटर, आणि तो शेकडा सहा भागच शोषत असावा असे धरले. म्हणजे ६० चौरस मीटर उघड्या खिडकीइतके काम. ०.१६१ × १७२८ ÷ ६० = ४.६.

फुगा साडेचार म्हणाला होता. कागद आणि फुगा जुळले की जेवण गोड लागते.

११ डिसेंबर, बुधवार

शिट्टीचे कारण बघितले. दोन्ही खोके व्यासपीठाच्या मागच्या कोपऱ्यांत, माईकच्या पाठीशी. स्पीकरचा आवाज माईकमध्ये, माईकचा स्पीकरमध्ये, पुन्हा माईकमध्ये. खोके उचलून व्यासपीठाच्या पुढच्या कडेला आणले, तोंड मुलांकडे. माईक त्यांच्या मागे राहिला.

आवाज दोन घरे जास्त देऊनही शिट्टी नाही. खर्च शून्य. दहा वर्षे ते कोपऱ्यात होते, कारण तिथे प्लग आहे.

दुसरे. मुले माईक पोटाशी धरतात. तोंडापासूनचे अंतर दुप्पट झाले की माईकला ६ डेसिबल कमी मिळतात; मग मामा बटण फिरवतात, मग शिट्टी. चार बोटांचे अंतर शिकवले पाहिजे.

१२ डिसेंबर, गुरुवार

मामांशी बोलता बोलता निघाले. “सर, आषाढात हाच हॉल कसा वागतो बघा की.”

तुकोबांची पालखी सणसरला मुक्कामाला असते, तेव्हा एक दिंडी आमच्या सभागृहात उतरते. चारशे माणसे, पथाऱ्या, बोचकी, दोरीवर ओली धोतरे. रात्री कीर्तन. बुवा बिनमाईकचे बोलतात आणि दाराशी बसलेल्या म्हातारीला कळते.

मी वीस वर्षे ते ऐकतो आहे. बुवांचा गळा मोठा असे समजत होतो.

एक बसलेले माणूस साधारण ०.३ चौरस मीटर उघड्या खिडकीएवढे. चारशे माणसे म्हणजे १२०. त्यात पथाऱ्या वेगळ्या. ६० चे १८० होतात. घुमणे दीड सेकंदावर येते. म्हणजे रिकाम्या सभागृहात तपासलेली सिस्टीम आणि भरलेल्या सभागृहातली, या दोन वेगळ्या खोल्या आहेत. पण आमचे बहुतेक कार्यक्रम शंभर-दीडशे मुलांचे. तेव्हा हॉल अर्धा उपाशीच.

खिडक्या उघडल्या तर? फुकट शोषण. पण खिडक्यांतून ट्रॅक्टर आत येतात.

१३ डिसेंबर, शुक्रवार

नववीला सांगितले, उद्या घरून एकेक वाकळ आणा. वर्गात हशा. एकाने विचारले, “सर, मुक्काम आहे का?”

प्रयोगशाळेच्या मल्टिमीटरने सभागृहाचा प्लग तपासला. फेज-न्यूट्रल २३० व्होल्ट. फेज-अर्थ १४०. अर्थिंग नीट असते तर तिथेही जवळपास २३०च दिसायला हवे होते. ती सततची गुणगुण सगळी नाही, तरी निम्मी इथूनच येत असणार. आणि गुणगुण राहू दे, ओल्या हाताने माईक धरणाऱ्या पोराचे काय? हे आधी.

१४ डिसेंबर, शनिवार

चाळीस वाकळा आल्या. मागच्या भिंतीपासून वीतभर अंतर सोडून दोऱ्या बांधल्या, उरलेल्या दोन्ही बाजूंना. भिंतीला चिकटवायच्या नाहीत. भिंतीला लागून हवा हलतच नाही. वीतभर पुढे ती कापडातून ये-जा करते आणि तिथेच दमते.

एकीवर निळ्या दोऱ्याने ‘सौ.’ एवढेच टाचलेले, पुढचे नाव झिजून गेलेले. एकीला चुलीचा वास. एकीत निम्मे नऊवारी, निम्मी कुणाची तरी शाळेची खाकी पँट. नववीच्या मुलीने आपली वाकळ शोधून तिच्यासमोरच बसकण मारली.

फुगा. आलेखात शेपूट निम्मी. उतरण ०.८ सेकंद, तिप्पट २.४. वाकळा मिळून शंभर चौरस मीटर, काम निम्म्याचे धरले तर ५०. ६० अधिक ५०, ११०. सूत्र २.५ म्हणते.

मग शब्द, त्याच खोक्यांवर, त्याच माईकवर. मागे १४. गेल्या शनिवारी ९ होते.

मॅडम दारात उभ्या राहून ऐकत होत्या, मला ठाऊक नव्हते. “हे कापडाने झाले?”

“हो, मॅडम.”

“मग यादीत कापड कुठे आहे?”

१५ डिसेंबर, रविवार

एक वाकळ उरली. कोणीच नेली नाही.

१६ डिसेंबर, सोमवार

नवा अर्ज. पक्की नक्कल इथे.

प्रति,
मा. प्राचार्या

विषय: सभागृहातील ध्वनिव्यवस्थेसाठी निधी मिळणेबाबत.

महोदया,

दि. २ डिसेंबरचा माझा अर्ज रद्द समजावा. सभागृहात आवाज कमी पडत नाही. तो घुमतो, त्यामुळे शब्द कळत नाहीत. दि. ७ रोजी घेतलेल्या चाचणीत मागच्या मुलांना वीसपैकी सरासरी ९ शब्द समजले, आवाज वाढवल्यावर ८. दि. १४ रोजी भिंतींवर गोधड्या टांगल्यावर त्याच यंत्रणेवर १४ समजले. वह्या सोबत जोडल्या आहेत. त्यानुसार खालील साहित्याची मागणी करीत आहे. सर्व रकमा जीएसटीसह अंदाजे आहेत.

१. जाड सुती पडदे, १०० चौरस मीटर भिंतीसाठी, चुण्यांसाठी दुप्पट कापड: ३०,०००. शिलाई, पाइप, कड्या: १२,०००.
२. अर्थिंगचा नवा खड्डा व व्यासपीठाजवळ स्वतंत्र प्लग: ६,०००.
३. कॉलम स्पीकर, ४० वॅट, ४ नग: ३०,०००.
४. ॲम्प्लिफायर, २५० वॅट, १०० व्होल्ट लाइनचा, १ नग: १६,०००.
५. मिक्सर, ८ चॅनेल, १ नग: १२,०००.
६. वायरचे माईक, समोरचाच आवाज घेणारे, ३ नग: ७,५००.
७. कॉर्डलेस हातमाईक, १ नग: ९,०००.
८. माईक स्टँड, ३ नग: ३,०००.
९. माईकची तीन पिनांची शील्डेड केबल, ६० मीटर, पिनांसह: ५,०००.
१०. स्पीकरची वायर, ८० मीटर: ४,०००.

एकूण रु. १,३४,५००.

क्र. ३ बाबत: उंच, अरुंद कॉलम आवाज आडवा पसरवतो, वर पत्र्याकडे कमी फेकतो. दोन कॉलम व्यासपीठाशी, दोन १२ मीटर पुढे भिंतींवर. मागच्यांना जवळच्या कॉलममधून हळू आवाजात ऐकू येईल, त्यामुळे मोठ्या वॅटची गरज नाही.

क्र. ९ बाबत: सध्याची वीस मीटर वायर दोन तारांच्या जॅकची आहे, ती वाटेतली गुणगुण गोळा करते. तीन पिनांच्या केबलमध्ये दोन तारांवर सारखीच आलेली गुणगुण यंत्र वजा करते.

आपला विश्वासू,

(सही)

१७ डिसेंबर, मंगळवार

रात्री एक शंका. व्यासपीठाजवळच्या आणि मधल्या कॉलमचा आवाज मागे एकाच वेळी पोचणार नाही. १२ मीटरला आवाज ३५ मिलिसेकंद घेतो. दोनदा ऐकू आले तर?

पुस्तक उघडले. बोलण्यात साधारण ५० मिलिसेकंदांपर्यंतचा फरक कान सांधून घेतो, म्हणजे १७ मीटरपर्यंत. १२ चालतील. २० असते तर मधल्या कॉलमला मुद्दाम उशीर लावणारे यंत्र लागले असते. झोप लागली.

१८ डिसेंबर, बुधवार

कार्यालयातून भाऊसाहेबांचा निरोप. “सर, साऊंडच्या शीर्षाखाली पडदे बसत नाहीत. ऑडिटला काय सांगू? पडदे म्हणजे शोभा. ते काढा, बाकी लगेच पुढे पाठवतो.”

पडदे काढले तर नऊवरून चौदावर आणणारी एकमेव गोष्ट जाते.

म्हटले, विषय वाचा. साऊंड सिस्टीम असे कुठेही लिहिलेले नाही. ‘ध्वनिव्यवस्था’.

त्यांनी चष्मा वर केला, वाचले. “बसवतो.”

२० डिसेंबर, शुक्रवार

तीन दरपत्रके आली. पाकिटे भाऊसाहेबांसमोर फोडली, तुलनात्मक तक्ता केला. एकाने कॉलमऐवजी खोके लिहिले आणि शेरा मारला, ‘समतुल्य’. समतुल्य नाही. दुसऱ्याने ॲम्प्लिफायर ५०० वॅटचा लिहिला, वॅट कोणते ते लिहिले नाही. फोन केला. म्हणाला, पीक वॅट. सततचे किती? थोडा वेळ शांतता. मग म्हणाला, विचारून सांगतो.

तिसऱ्याने जे मागितले तेच लिहिले. थोडे महाग. तक्त्याखाली कारण लिहून सही केली.

२१ डिसेंबर, शनिवार

कापडाच्या दुकानात हिला बरोबर नेले. दुकानदार सॅटिन दाखवत होता, चकचकीत, स्वस्त. मी कापडाला तोंड लावून फुंकले. सॅटिन पातळ, सहज उडाले. रेक्झिनमधून फुंकर जातच नाही. आवाजही त्यावर आपटून परत येणार. जाड सुतीतून फुंकर गेली, पण जोर लावून. तेच.

ही दुकानाबाहेर जाऊन उभी राहिली.

२४ डिसेंबर, मंगळवार

संस्थेची मंजुरी. १ लाख. ‘उर्वरित खर्च शाळेने आपल्या स्तरावर भागवावा.’

३४,५०० उडवायचे.

मिक्सर गेला, १२,०००. ॲम्प्लिफायरलाच चार माईक लागतात, आमच्याकडे तीन. मागितला का होता, असे मॅडमनी विचारले नाही. उपकार.

कॉर्डलेस गेला, ९,०००. सेल संपले की तो भर कार्यक्रमात मरतो. गॅदरिंगला नाचाच्या मुलांना हवा असतो, पण ती तर गाण्यावर नाचतात.

दोन स्टँड गेले, २,०००. जुने दोन वंगण घालून उभे राहतात.

१ लाखावर यायला अजून ११,५०० हवेत. इथे अडलो.

२६ डिसेंबर, गुरुवार

शिवणकामाच्या बाईंनी सोडवले. व्यवसाय शिक्षणाच्या मुली पडदे शिवतील. पाइप जुन्या सायकल-स्टँडचे, मामा कापून आणतील, कड्याही त्याच लोखंडातल्या. शिलाई-पाइपचे १२,००० वाचले.

१,३४,५०० मधून १२,०००, ९,०००, २,००० आणि पुन्हा १२,०००. ९९,५००. ५०० शिल्लक.

पडद्यांना दिव्यांपासून हातभर लांब ठेवायचे, हे मुलींना दोनदा सांगितले.

२८ डिसेंबर, शनिवार

अर्थिंगचा खड्डा. कोळसा, मीठ, पाणी. संध्याकाळी फेज-अर्थ २२८.

३० डिसेंबर, सोमवार

साहित्य आले. डेड स्टॉक रजिस्टरला नोंद. कॉलम भिंतीवर, डोक्याच्या थोडे वर, तोंड किंचित खाली. माणसांकडे. पत्र्याकडे नाही.

मागच्या दोघांची लाइन लावताना मिस्त्रीने प्लस-मायनस उलटे जोडले. मधोमध उभे राहिले की आवाज पोकळ, पाण्यातून आल्यासारखा. एकाच्या तारा बदलल्या, आवाज भरला. मिस्त्री म्हणाला, कान चांगला आहे सर तुमचा.

काही बोललो नाही.

१ जानेवारी, बुधवार

पडदे टांगले. वीतभर अंतर. अजून कोरे पांढरट आहेत. कारखान्याची काजळी बसायला चार महिने बास. सीझन संपला की धुवायचे. रजिस्टरमध्ये लिहून ठेवले, नाहीतर दहा वर्षे कोणी हात लावणार नाही.

फुगा: २.५.

त्या उरलेल्या वाकळेचा पत्ता लागला. मामांची. “म्हटलं, एक माझीबी असावी.”

३ जानेवारी, शुक्रवार

सावित्रीबाई फुले जयंती. चारशे मुले. पाहुणे नाहीत, मुलीच बोलल्या. नववीतली ती पहिली. स्टँडसमोर चार बोटे मोजून उभी राहिली. मामा बटणाला हात न लावता बसून होते, हेच मला नवीन.

मी शेवटच्या रांगेत, वही घेऊन. ‘ठ’ ऐकू आला. ‘थ’ ऐकू आला. मधल्या रांगेत कोणी खोकले, तेही ऐकू आले.

भाषणे झाल्यावर मॅडमनीच सांगितले, आता सरांचे शब्द घ्या. मुलगी वाचू लागली. “आता लिहा, साळ. आता लिहा, टाळ.” मागच्या वीस जणांनी लिहिले. मीही.

मुले १८.

मी १३.

४ जानेवारी, शनिवार

पाचशे रुपये भाऊसाहेबांकडे परत. पावती घेतली.

बारामतीला कानाच्या डॉक्टरांची सोमवारची वेळ घेतली. हिला सांगितले. ती म्हणाली, टीव्ही मोठा आहे हे मी दोन वर्षे सांगतेय.